तिघांनी एकमेकांना हरवलं, तर पुढे कोण जाणार?

आजचा विषय साखळी सामन्यांचा आहे. साखळी म्हणजे गटातला प्रत्येक संघ प्रत्येकाशी एकदा खेळतो आणि शेवटी गुणतक्ता लागतो. बाद पद्धतीत एक वाईट दिवस आला की घरी जावं लागतं, साखळीत तसं होत नाही, म्हणून आपल्याला ती जास्त न्याय्य वाटते. पण साखळीत एक अडचण मुळातच असते. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं आणि क ने अ ला हरवलं, तर या तिघांत वरचा कोण? लहानपणी आपण दगड-कागद-कात्री खेळायचो, त्यातही सगळ्यांत भारी असं काही नसतं. इथे नेमकं तसंच होतं. याला आपण आज ‘चक्र’ म्हणू.

हे नुसतं कागदावरचं कोडं नाही. इंग्लंडमध्ये १९९९ साली झालेला क्रिकेटचा विश्वचषक आठवा. त्या एका स्पर्धेत अशी तीन चक्रं पडली, आणि तिन्ही अगदी मोक्याच्या जागी. पहिलं चक्र आपण नीट सोडवू. दुसऱ्या-तिसऱ्याला मग तेवढा वेळ लागणार नाही.

अ गटात सहा संघ होते: दक्षिण आफ्रिका, भारत, झिम्बाब्वे, इंग्लंड, श्रीलंका आणि केनिया. विजयाला दोन गुण. पहिले तीन संघ ‘सुपर सिक्स’ नावाच्या पुढच्या फेरीत जाणार. साखळी संपली तेव्हा दक्षिण आफ्रिकेचे ८ गुण होते, श्रीलंकेचे ४, केनियाचा भोपळा. मधल्या तिघांचे, म्हणजे भारत, झिम्बाब्वे आणि इंग्लंड यांचे, प्रत्येकी ६. जागा दोन आणि संघ तीन.

साहजिकच आपण म्हणतो, आपसातले निकाल बघा. लेस्टरला झिम्बाब्वेने भारताला ३ धावांनी हरवलं होतं. हा सामना पुष्कळांना आठवत असेल. वडील गेल्यामुळे सचिन तेंडुलकर मुंबईला परतला होता, आणि हेन्री ओलोंगाने एकाच षटकात शेवटचे तीन गडी टिपले. नॉटिंगहॅमला इंग्लंडने झिम्बाब्वेला ७ गडी राखून हरवलं. मग बर्मिंगहॅमला, पावसामुळे दोन दिवस चाललेल्या सामन्यात, भारताने इंग्लंडला ६३ धावांनी हरवलं. फळ्यावर बाण काढा: भारताकडून इंग्लंडकडे, इंग्लंडकडून झिम्बाब्वेकडे, झिम्बाब्वेकडून पुन्हा भारताकडे. प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव.

आता जरा थांबू, कारण इथे एक गोष्ट सिद्ध करता येते आणि ती फार सोपी आहे. समजा कुणी म्हणालं, मी फक्त हे तीन निकाल पाहून, कोण जिंकलं आणि कोण हरलं एवढंच पाहून, पहिला क्रमांक काढून देतो. त्याने भारताला पहिलं काढलं असं धरा. आता मी गुपचूप नावं बदलतो. भारताच्या जागी इंग्लंड लिहितो, इंग्लंडच्या जागी झिम्बाब्वे, झिम्बाब्वेच्या जागी भारत. नवा कागद बघा: इंग्लंड झिम्बाब्वेला हरवतं, झिम्बाब्वे भारताला, भारत इंग्लंडला. हा तर जुनाच कागद आहे! एकही निकाल बदललेला नाही. पण नावांना न बघता चालणारा त्याचा नियम आता इंग्लंडला पहिलं काढणार. एकाच कागदावरून दोन वेगळे विजेते निघाले, म्हणजे असा नियम असूच शकत नाही. चक्राच्या आत, नुसत्या हार-जितीत, तिघांना वेगळं करणारं काहीही नसतं. त्यामुळे बरोबरी सोडवणारा नियम कोणताही घ्या, त्याला चक्राबाहेरून काहीतरी आणावंच लागतं: किती फरकाने जिंकलात, किंवा इतरांविरुद्ध काय केलंत, किंवा सरळ नाणेफेक. काय आणायचं हे नियम करणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि त्या निवडीवर कोण घरी जाणार हे ठरतं.

हा प्रश्न क्रिकेटपेक्षा जुना आहे. फ्रान्समध्ये कोंदोर्से या गणितज्ञाने १७८५ साली मतदानाच्या संदर्भात तो मांडला: बहुमताला अ हा ब पेक्षा बरा वाटतो, ब हा क पेक्षा, आणि क हा अ पेक्षा. तिथे मतदार आहेत, इथे सामने, गाठ तीच.

अशी चक्रं कितपत पडतात? तीन तुल्यबळ संघ घ्या. तीन सामन्यांचे निकाल आठ प्रकारे लागू शकतात आणि त्यांतले दोन प्रकार चक्राचे, म्हणजे चारात एक. हे काही थोडं नाही. आणि एखाद्या गटात एकूण किती चक्रं आहेत हे एकेक निकाल न तपासताही काढता येतं, गुणतक्त्यातला नुसता विजयांचा रकाना पुरतो. केंडॉल आणि बॅबिंग्टन स्मिथ यांनी १९४० साली ही युक्ती वापरली. सहा संघांतून तिघांचे २० गट पाडता येतात. गटात चक्र नसेल तर त्या तिघांत असा एकच संघ असतो ज्याने बाकीच्या दोघांना हरवलंय. मग असे गट मोजू. ज्या संघाने चार विजय मिळवलेत तो, हरवलेल्या चारांतून दोन-दोनच्या जोड्या घेऊन, ६ गटांचा ‘दादा’ होतो. तीन विजयवाला ३ गटांचा. दोन विजयवाला एकाचा. आपल्या गटात दक्षिण आफ्रिकेचे विजय ४, मधल्या तिघांचे ३-३-३, श्रीलंकेचे २, केनियाचे ०. बेरीज ६ अधिक ९ अधिक १, म्हणजे १६. वीसातून सोळा गेले, उरली ४ चक्रं. आपलं एक झालं. उरलेली तीन तुम्ही घरी शोधा, एक सूत्र देतो: प्रत्येकात झिम्बाब्वे आहे. त्यांनी बलाढ्य दक्षिण आफ्रिकेला हरवलं आणि श्रीलंकेशी हरले, म्हणून हा सगळा गुंता.

आता निर्णय कसा झाला ते बघू. वापरला गेला नेट रनरेट. ही संज्ञा सगळ्यांनी ऐकलेली असते, पण हिशोब थोड्यांनीच केलेला असतो. तुम्ही सर्व सामन्यांत मिळून काढलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं. त्यातून वजा करायचं तुमच्याविरुद्ध निघालेल्या धावा भागिले तुम्ही टाकलेली षटकं. एक खोच आहे: संघ सर्वबाद झाला तर तो पंचेचाळिसाव्या षटकात झाला तरी पूर्ण पन्नास षटकं धरतात. पाचही सामने धरून भारताचा आकडा आला अधिक १.२८, झिम्बाब्वेचा अधिक ०.०२, इंग्लंडचा उणे ०.३३. यजमान इंग्लंड स्पर्धेबाहेर, सुपर सिक्स सुरू व्हायच्या आधीच.

पण हा आकडा पाचही सामन्यांचा आहे, हे लक्षात घ्या. श्रीलंकेविरुद्ध भारताने ३७३ धावा ठोकल्या आणि १५७ धावांनी सामना जिंकला, त्याचा फायदा यात आहे. ओव्हलवर इंग्लंड दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०३ धावांत गडगडलं आणि १२२ धावांनी हरलं, त्याचा फटकाही यात आहे. मी मुद्दाम एक हिशोब करून बघितला. झिम्बाब्वे आणि इंग्लंड, दोघांचाही दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना बाजूला ठेवला, तर इंग्लंड अधिक ०.२६ वर येतं आणि झिम्बाब्वे उणे ०.२४ वर जातं. म्हणजे या दोघांतला फैसला ज्या दोन सामन्यांनी केला, त्यांत ते एकमेकांशी खेळलेच नव्हते.

मग कुणी म्हणेल, बाकीचे संघ कशाला, चक्रातल्या तीन सामन्यांपुरताच रनरेट काढा. फुटबॉलमध्ये युरोपच्या स्पर्धांत असा छोटा तक्ता करतात, समान गुणांच्या संघांचे आपसातले गुण आणि मग आपसातला गोलफरक. उलट फिफाच्या २०२२च्या विश्वचषकात पूर्ण गटातला गोलफरक आधी बघितला जात होता. जगातल्या दोन मोठ्या फुटबॉल संघटनांचं यावर एकमत नव्हतं, तेव्हा आपलं लगेच व्हावं अशी अपेक्षा नको.

चला, छोटा तक्ता करू. लेस्टरला झिम्बाब्वे ५० षटकांत २५२, भारत २४९. भारताला षटकं संथ टाकल्याबद्दल चार षटकांचा दंड झाला होता, म्हणून त्यांची षटकं ४६ धरायची. नॉटिंगहॅमला झिम्बाब्वे ५० षटकांत १६७, इंग्लंडने ३८ षटकं आणि ३ चेंडूंत १६८. बर्मिंगहॅमला भारत ५० षटकांत २३२, इंग्लंड सर्वबाद १६९, म्हणजे षटकं पन्नास धरायची.

भारत: ९६ षटकांत ४८१ धावा काढल्या, षटकामागे ५.०१. दिल्या १०० षटकांत ४२१, म्हणजे ४.२१. फरक अधिक ०.८०. इंग्लंड: साडेअठ्ठ्याऐंशी षटकांत ३३७, म्हणजे ३.८१. दिल्या १०० षटकांत ३९९, म्हणजे ३.९९. फरक उणे ०.१८. झिम्बाब्वे: १०० षटकांत ४१९, म्हणजे ४.१९. दिल्या साडेचौऱ्याऐंशी षटकांत ४१७, म्हणजे ४.९३. फरक उणे ०.७४.

क्रम बघा: भारत, इंग्लंड, झिम्बाब्वे. इंग्लंड आत, झिम्बाब्वे बाहेर! सामने तेच, धावा त्याच, फक्त बेरीज कुठल्या सामन्यांची करायची एवढंच बदललं.

तिसरी वाट बुद्धिबळाची. साखळी बुद्धिबळात गुण समान झाले तर सॉनेबॉर्न-बर्गर नावाची पद्धत बऱ्याच ठिकाणी लावतात. तुम्ही ज्यांना हरवलंत त्यांच्या गुणांची बेरीज करायची, म्हणजे तगड्याला हरवलं तर जास्त श्रेय. भारताने हरवलं केनिया, श्रीलंका, इंग्लंडला: ० अधिक ४ अधिक ६, झाले १०. इंग्लंडने हरवलं केनिया, श्रीलंका, झिम्बाब्वेला: पुन्हा १०. झिम्बाब्वेने हरवलं केनिया, भारत आणि दक्षिण आफ्रिकेला: ० अधिक ६ अधिक ८, झाले १४. झिम्बाब्वे पहिलं. उरलेल्या दोघांत बरोबरी, पण आता दोघेच आहेत, चक्र तुटलेलं आहे, आपसातला निकाल चालतो. भारताने इंग्लंडला हरवलंय, तेव्हा भारत दुसरा.

आणि यातूनच एक बारीक मुद्दा निघतो, ज्याच्यावरून वाद होतात. तिघांतला एक वेगळा झाला की उरलेल्या दोघांसाठी नियम पुन्हा पहिल्या पायरीपासून लावायचा, की आहे त्याच पायरीवर पुढे जायचं? अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल स्पर्धेत पुन्हा पहिल्या पायरीवर जातात. तेच इथे करून बघू. पूर्ण नेट रनरेटने भारत वर निघाला, ठीक. उरले झिम्बाब्वे आणि इंग्लंड. आपसात कोण जिंकलं? इंग्लंड. मग इंग्लंड पुढे गेलं! पण तोच नियम खालून लावा, म्हणजे आधी सगळ्यांत वाईट रनरेटवाला काढा: इंग्लंड गेलं, उरले भारत आणि झिम्बाब्वे, आपसात झिम्बाब्वे जिंकलेलं, म्हणून झिम्बाब्वे वर आणि भारत खाली. वरून सोलायचं की खालून, एवढ्याने इंग्लंड आत-बाहेर होतं. नियमपुस्तकात ही ओळ स्पष्ट लिहिलेली नसेल तर समजावं की भांडण होणार आहे.

या सगळ्या उलाढालीत भारत कधीच बाहेर गेला नाही, ही आपल्याला सुखावणारी गोष्ट. पण तिला पुढे एक कडू शेपूट होतं. सुपर सिक्समध्ये आधीचे गुण नेता येत होते, पण फक्त सोबत पुढे आलेल्या संघांविरुद्धचे. भारत हरला होता दक्षिण आफ्रिकेशी आणि झिम्बाब्वेशी, नेमके तेच दोघे पुढे आले. म्हणून गटात दुसरा आलेला भारत शून्य गुण घेऊन गेला आणि तिसरं आलेलं झिम्बाब्वे ४ घेऊन. चक्रातून इंग्लंड पुढे आलं असतं तर भारताच्या खिशात २ गुण असते.

याच नियमाने ब गटात खरा घोळ घातला. तिथलं चक्र असं: न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला हरवलेलं, वेस्ट इंडीजने न्यूझीलंडला, आणि ३० मे रोजी मँचेस्टरला ऑस्ट्रेलिया वेस्ट इंडीजला हरवण्याच्या बेतात. वेस्ट इंडीज ११० धावांत आटोपलं होतं. ऑस्ट्रेलियाने हिशोब केला: जिंकलो की आपण पुढे. पण सोबत वेस्ट इंडीज आलं तर आजचे २ गुण बरोबर नेता येतील, न्यूझीलंड आलं तर शून्य. म्हणून वेस्ट इंडीजचा रनरेट फार बिघडू नये एवढ्यासाठी त्यांनी १११ धावा करायला ४० षटकं आणि ४ चेंडू घेतले. प्रेक्षक वैतागले. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडने स्कॉटलंडविरुद्ध १८ षटकांच्या आत सामना संपवला आणि वेस्ट इंडीजला मागे टाकलं: ०.५८ विरुद्ध ०.५०. खेळाडूंना नावं ठेवणं सोपं आहे, पण माझ्या मते दोष नियमाचा होता. चक्र सोडवायला आपण जे बाहेरून आणतो, त्यावर तिसऱ्याच कुणाचा हात पोहोचत असेल तर तो हात चालणारच. आणि स्वतःचा सामना जिंकताना जो प्रतिस्पर्ध्याचा रनरेट सांभाळू शकतो, त्याचा हात पोहोचतो.

श्रोत्यांकडून प्रश्न आला आहे: तिघांचे सामने पुन्हा का खेळवत नाहीत? खेळवता येतात, पण तुल्यबळ असतील तर चारातल्या एका वेळी पुन्हा चक्रच पडेल. आणि विश्वचषकात मैदानं, तिकिटं, पुढच्या फेरीच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात.

दुसरा प्रश्न, तुम्ही स्वतः कोणता नियम निवडाल? मी छोटा तक्ता आधी घेईन. त्यात दुबळ्या संघाला किती धुतलं याला किंमत राहत नाही. त्याचा तोटा असा की प्रत्येकाचे दोनच सामने मोजले जातात, एखादा पावसाचा दिवस किंवा एखादं भलतंच षटक सगळं उलटं करू शकतं. मँचेस्टरसारखा प्रकारही तो पूर्ण थांबवत नाही, कारण तो सामनाही चक्रातलाच होता. गुण नेण्याची भानगड काढली तरच तो थांबतो.

तिसरं चक्र सांगतो आणि थांबतो. सुपर सिक्समध्ये पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका तिघांचे ६ गुण झाले. पाकिस्तानने ऑस्ट्रेलियाला १० धावांनी हरवलेलं, दक्षिण आफ्रिकेने पाकिस्तानला ३ गडी राखून, आणि ऑस्ट्रेलियाने दक्षिण आफ्रिकेला ५ गडी राखून, दोन चेंडू शिल्लक असताना. नेट रनरेटने क्रम लागला: पाकिस्तान ०.६५, ऑस्ट्रेलिया ०.३६, दक्षिण आफ्रिका ०.१७. दुसरा विरुद्ध तिसरा असा उपांत्य सामना १७ जूनला बर्मिंगहॅमला झाला, दोन्ही संघ २१३वर सर्वबाद झाले, सामना बरोबरीत सुटला, आणि सुपर सिक्समध्ये वर होतं म्हणून ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत गेलं. आता या तिघांचाही छोटा तक्ता मांडून बघा. पाकिस्तान अधिक ०.०४, दक्षिण आफ्रिका अधिक ०.०३, ऑस्ट्रेलिया उणे ०.०७. अर्थात नियम तसा असता तर कर्णधार वेगळे खेळले असते, तेव्हा ‘असं झालं असतं’ म्हणता येत नाही. पण त्या नियमाने आणि त्याच धावांनी, बरोबरीत सुटलेल्या उपांत्य सामन्यातून लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिका गेली असती.